तीन नोड, एक ब्रिज: आकड्यांसाठी लोप, अक्षरांसाठी निश्चयक

प्रश्न: डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन नोडचं सर्किट जमतं. तीन नोड आले की मॅट्रिक्स लिहितानाच कुठेतरी चिन्ह चुकतं, आणि पुढे क्रेमरने सोडवलं तर एक उत्तर येतं, एलिमिनेशनने दुसरंच. कोणती पद्धत धरायची? आणि आलेलं उत्तर बरोबर आहे हे उत्तरपत्रिका न बघता कसं ओळखायचं?

उत्तर:

आकडे दिलेले असतील तर एलिमिनेशन, म्हणजे आपली शाळेतली लोप पद्धत. अक्षरं दिलेली असतील, किंवा तीनपैकी एकच व्होल्टेज विचारलं असेल, तर क्रेमरचे निश्चयक. प्रश्नातच पद्धतीचं नाव असेल तर अर्थात तीच, तिथे शहाणपणा नको.

पण दुखणं दोन ठिकाणी आहे आणि ती वेगळी ओळखायला हवीत. दोन पद्धतींनी दोन उत्तरं आली तर आकडेमोड चुकली. दोन्ही पद्धतींनी एकच उत्तर येऊनही ते चुकीचं असू शकतं, कारण मॅट्रिक्सच चुकीची लिहिलेली असते आणि दोन्ही पद्धती इमानदारीने त्या चुकीच्या मॅट्रिक्सचं बरोबर उत्तर देतात. म्हणून एका पद्धतीने सोडवून दुसरीने ताळा करण्यात फारसा अर्थ नाही. ताळा सर्किटवर जाऊन करायचा.

एकच सर्किट घेतो आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवतो. व्हीटस्टन ब्रिज, पण असंतुलित. १२ व्होल्टचा सप्लाय, त्याच्या सिरीजमध्ये १ किलोओहम, आणि तो जिथे ब्रिजच्या वरच्या टोकाला येऊन मिळतो तो नोड १. नोड १ वरून डावीकडे १ किलोओहममधून उतरलं की नोड २. उजवीकडे १ किलोओहममधून उतरलं की नोड ३. नोड २ पासून खाली ग्राउंडला १ किलोओहम, नोड ३ पासून खाली ग्राउंडला २ किलोओहम. आणि नोड २ व ३ यांच्या मध्ये, पुस्तकात जिथे गॅल्व्हानोमीटर काढलेला असतो तिथे, १ किलोओहम. सप्लायचं निगेटिव्ह टोक म्हणजे ग्राउंड. आकृती कागदावर काढा आणि पुढचं वाचताना समोर ठेवा.

हे सर्किट निवडण्याचं कारण असं की सिरीज-पॅरलल करत ते सुटत नाही. मधला रेझिस्टर कुणाच्या सिरीजमध्येही नाही आणि कुणाच्या पॅरललमध्येही नाही. इथे नोड समीकरणांना पर्याय शोधण्याचा मोह होत नाही.

आधी एककं ठरवून टाका. रोध किलोओहममध्ये, करंट मिलिअँपिअरमध्ये, व्होल्टेज व्होल्टमध्ये. मग कंडक्टन्स आपोआप मिलिसीमेन्समध्ये येतो: १ किलोओहमचा १, आणि २ किलोओहमचा ०.५. रोध ओहममध्ये आणि करंट मिलिअँपिअरमध्ये असं झालं की उत्तर हजारपटीने बिघडतं. तेवढं बिघडलं तर निदान डोळ्यांत तरी भरतं. डोळ्यांत न भरणाऱ्या चुका चिन्हांच्या असतात.

चिन्हांसाठी मी एकच सवय पाळतो. ज्या नोडचं समीकरण लिहायचं त्या नोडवर जाऊन उभं राहायचं आणि तिथून बाहेर जाणारे सगळे करंट मोजायचे. आकृतीत कुणी बाण काढलेले असतील तर ते विसरायचे. बाहेर जाणारा करंट म्हणजे माझं व्होल्टेज वजा शेजाऱ्याचं, भागिले मधला रोध. माझं नेहमी आधी. नोड २ वर उभं राहिलं तर तीन वाटा दिसतात: वर नोड १ कडे, आडवी नोड ३ कडे, खाली ग्राउंडकडे.

```
(V2 - V1)/1 + (V2 - V3)/1 + (V2 - 0)/1 = 0
-V1 + 3V2 - V3 = 0
```

नोड ३ वर गेलं की आता "मी" म्हणजे V3. मुलांचं इथे घसरतं. नोड २ चं समीकरण लिहिताना मधल्या रेझिस्टरचा करंट V2 - V3 असा लिहिलेला असतो, तोच हात तसाच नोड ३ च्या समीकरणातही V2 - V3 लिहून जातो आणि चिन्ह पलटायचं राहतं. वस्तू एकच असली तरी उभं राहण्याची जागा बदलली आहे.

```
(V3 - V1)/1 + (V3 - V2)/1 + (V3 - 0)/2 = 0
-V1 - V2 + 2.5V3 = 0
```

नोड १ वर सप्लायची वाट आहे. तिचा बाहेर जाणारा करंट (V1 - 12)/1. त्यातला १२ हा आकडा उजवीकडे नेला की झालं:

```
(V1 - 12)/1 + (V1 - V2)/1 + (V1 - V3)/1 = 0
3V1 - V2 - V3 = 12
```

१२ व्होल्ट आणि सिरीजमध्ये १ किलोओहम यांचं १२ मिलिअँपिअरच्या करंट सोर्समध्ये रूपांतर करून लिहिलं तरी हेच समीकरण येतं. दोन्ही एकच आहे, फक्त त्या रूपांतराची एक खोच पुढे सांगतो. आता तिन्ही ओळी मॅट्रिक्समध्ये:

```
|  3   -1   -1  |  | V1 |   | 12 |
| -1    3   -1  |  | V2 | = |  0 |
| -1   -1   2.5 |  | V3 |   |  0 |
```

सोडवायला घेण्याआधी अर्धा मिनिट हिच्याकडे बघत बसा. कर्णावरचे तिन्ही आकडे धन आहेत, प्रत्येक आकडा म्हणजे त्या नोडला चिकटलेल्या सगळ्या कंडक्टन्सची बेरीज. कर्णाबाहेरचे सगळे ऋण आहेत, कारण ते शेजाऱ्यांचे. दुसऱ्या ओळीतला तिसरा आकडा आणि तिसऱ्या ओळीतला दुसरा आकडा सारखाच असणार, कारण तो एकाच रेझिस्टरचा आहे, फक्त दोन्ही टोकांनी पाहिलेला. नुसते रेझिस्टर आणि स्वतंत्र सोर्स असलेल्या सर्किटमध्ये ही सममिती मोडली तर समजा, तिथेच चूक आहे. वर सांगितलेली नोड ३ ची चूक इथे उघडी पडते.

याहून चांगली एक कसोटी आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. प्रत्येक ओळीतले आकडे मिळवा. पहिल्या ओळीची बेरीज १, दुसरीची १, तिसरीची ०.५. आता आकृतीकडे बघा: नोड १ पासून थेट ग्राउंडकडे जाणारा (सप्लायमार्गे) कंडक्टन्स १, नोड २ पासून १, नोड ३ पासून ०.५. हे जुळतं ते योगायोगाने नाही. तिन्ही नोड १ व्होल्टवर आहेत असं समजा. मग नोडांच्या आपसातल्या रेझिस्टरमधून काहीच वाहणार नाही, वाहील ते फक्त ग्राउंडकडे. ओळीची बेरीज म्हणजे तेच वाहणं. एखादा रेझिस्टर कर्णात धरायचा राहिला किंवा दोनदा धरला गेला तर सममितीला कळत नाही, ही बेरीज मात्र लगेच बोलते.

आता लोप. नोड १ पहिल्यांदा घालवू. पहिल्या ओळीचा एक तृतीयांश दुसऱ्या ओळीत मिळवला की V1 जातो. तसंच तिसऱ्या ओळीचं. उरतं ते असं:

```
(8/3)V2 - (4/3)V3  = 4
-(4/3)V2 + (13/6)V3 = 4
```

इथे थांबून बघण्यासारखं आहे. ही नुसती बीजगणिताची मधली पायरी नाही, हेही एक सर्किटच आहे. नोड १ ला तीन वाटा होत्या, प्रत्येकी १ मिलिसीमेन्स: ग्राउंडकडे (सप्लायची), नोड २ कडे आणि नोड ३ कडे. म्हणजे नोड १ हा एका स्टारचा मध्यबिंदू होता. स्टार काढून डेल्टा केला की प्रत्येक दोन टोकांमध्ये, त्या दोन वाटांचा गुणाकार भागिले तिन्हींची बेरीज, म्हणजे एक तृतीयांश मिलिसीमेन्स येतो. नोड २ आणि ३ यांच्यामध्ये आधी १ होता, त्यात एक तृतीयांशाची भर पडून चार तृतीयांश झाला, आणि वरच्या समीकरणात नेमका तोच आकडा ऋण चिन्हाने बसला आहे. सोर्सचे १२ मिलिअँपिअरही तीन वाटांमध्ये सारखे वाटले गेले: ४ नोड २ ला, ४ नोड ३ ला, आणि उरलेले ४ ग्राउंडला गेले म्हणून समीकरणात दिसत नाहीत.

म्हणजे एक चल घालवणं म्हणजे एक नोड सर्किटमधून उपटून काढणं, अशा रीतीने की बाकीच्या नोडांना फरक कळू नये. पॉवर सिस्टीमवाले शेकडो बसचं जाळं आटोक्यात आणायला हेच करतात, ते याला क्रॉन रिडक्शन म्हणतात. आणि याचा तुम्हाला थेट फायदा असा की ओळींच्या बेरजेची कसोटी मधल्या पायरीवरही लागू राहते. दुसऱ्या ओळीची बेरीज ८/३ वजा ४/३ म्हणजे ४/३: नोड २ चा स्वतःचा ग्राउंडकडचा १, अधिक डेल्टातून आलेला १/३. जुळलं. तिसऱ्या ओळीची १३/६ वजा ४/३ म्हणजे ५/६: ०.५ अधिक १/३. हेही जुळलं. बेरीज शून्याखाली गेली किंवा कर्णाबाहेरचा आकडा धन झाला, तर तिथेच थांबा आणि मागची पायरी तपासा. ऋण रेझिस्टर असलेलं सर्किट तुम्ही काढलेलं नाही.

पुढे अपूर्णांक नकोत म्हणून पहिलं समीकरण ३ ने आणि दुसरं ६ ने गुणून घेऊ:

```
 8V2 -  4V3 = 12
-8V2 + 13V3 = 24
```

बेरीज केली की 9V3 = 36, म्हणून V3 = 4. मागे जाऊन 8V2 = 12 + 16, म्हणून V2 = 3.5. आणखी मागे 3V1 = 12 + 3.5 + 4, म्हणून V1 = 6.5.

गुणून घेण्याने हिशोब सोपा होतो, पण एक गोष्ट झाकली जाते, ती न गुणता दाखवतो. दुसऱ्या ओळीचा अर्धा भाग तिसरीत मिळवला असता तर शेवटी 1.5V3 = 6 असं समीकरण उरलं असतं. म्हणजे नोड १ आणि २ दोन्ही उपटून टाकल्यावर नोड ३ ला जे सर्किट दिसतं ते: ६ मिलिअँपिअरचा सोर्स आणि पॅरललमध्ये १.५ मिलिसीमेन्स. ते नोड ३ चं नॉर्टन सर्किट झालं. थेव्हेनिन रोध १/१.५, म्हणजे ६६७ ओहम. प्रश्नाच्या पुढच्या भागात "नोड ३ वर लोड जोडला तर" असं विचारलं असेल तर पुन्हा सगळं सोडवायची गरज नाही, उत्तर हातात आहे. म्हणून ज्या नोडवर पुढे काही जोडायचं आहे तो नोड शेवटी ठेवायचा. नोडांना क्रमांक देणं तुमच्याच हातात असतं.

आता ताळा, सर्किटवर. सप्लायमधून येणारा करंट १२ वजा ६.५, म्हणजे ५.५ मिलिअँपिअर. नोड १ वरून डावीकडे ३, उजवीकडे २.५ जातात. बेरीज ५.५, ठीक. नोड २ मध्ये वरून ३ आले, नोड ३ कडून ०.५ आले, खाली ३.५ गेले. ठीक. नोड ३ मध्ये वरून २.५ आले, ०.५ नोड २ कडे गेले, २ खाली गेले, आणि २ मिलिअँपिअर गुणिले २ किलोओहम म्हणजे ४ व्होल्टच. हा ताळा एका मिनिटात होतो.

ज्यांना खात्रीची आणखी एक मोहर हवी असेल त्यांनी पॉवर मोजावी. सप्लाय देतो १२ गुणिले ५.५, म्हणजे ६६ मिलिवॅट. रेझिस्टरांचे: सिरीजचा ३०.२५, नोड १ वरून डावीकडचा ९, उजवीकडचा ६.२५, नोड २ खालचा १२.२५, नोड ३ खालचा ८, मधला ०.२५. बेरीज बरोबर ६६. मघाशी म्हटलेली खोच इथे आहे. सप्लायचं रूपांतर करंट सोर्समध्ये केलेलं असेल आणि पॉवर त्याच रूपांतरित सर्किटवर मोजली, तर सोर्स १२ गुणिले ६.५ म्हणजे ७८ मिलिवॅट देताना दिसेल आणि पॅरललमधला १ किलोओहम ४२.२५ खाताना दिसेल. नोडांची व्होल्टेज दोन्हींत सारखी, पण सोर्सच्या आतली पॉवर वेगळी. रूपांतर बाहेरच्यांसाठी असतं, आतल्यांसाठी नाही. पॉवर नेहमी मूळ सर्किटवर मोजा.

दोन पद्धतींची उत्तरं वेगळी येण्याचं एक साधं कारण चिन्हांशी संबंधित नसतं: १/३ ऐवजी ०.३३ घेणं. या सर्किटमध्येच करून बघितलं. पहिल्या ओळीला ०.३३ ने गुणून पुढे दोन दशांश स्थळांपर्यंतच्या आकड्यांनी चाललं तर V3 सुमारे ३.९५, V2 सुमारे ३.४५ आणि V1 सुमारे ६.४७ येतं. चूक अर्धा ते दीड टक्का. ताळ्यात ती अशी दिसते: नोड २ मध्ये ३.०२ आणि ०.५० मिळून ३.५२ मिलिअँपिअर आले, पण खाली गेले फक्त ३.४५. पाणी आत जास्त आणि बाहेर कमी. असा थोडासा फरक दिसला तर पद्धतीला दोष देऊ नका. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा, नाहीतर सुरुवातीलाच समीकरणं लसाविने गुणून पूर्णांक करून घ्या. पहिली दोन समीकरणं आहेत तशी आणि तिसरं दुप्पट करून -2V1 - 2V2 + 5V3 = 0 असं लिहिलं की दशांश चिन्हच उरत नाही. फक्त मग मॅट्रिक्स सममित दिसणार नाही, म्हणून सममितीची तपासणी त्याआधी उरकून घ्या.

आता निश्चयक. दहावीत दोन चलांसाठी क्रेमरची पद्धत शिकलात तीच, फक्त ३ बाय ३ ची. गॅब्रिएल क्रेमर या जिनिव्हाच्या गणितज्ञाने ती १७५० साली छापली. तेव्हा ओहमचा नियमही नव्हता, किरचॉफचे नियम तर १८४५ चे. सर्किटसाठी ती जन्मलेली नाही, आणि सर्वसाधारण आकड्यांसाठी ती महागही पडते: चार निश्चयक, प्रत्येकाला नऊ गुणाकार, म्हणजे छत्तीस, वर तीन भागाकार. लोप पद्धतीत गुणाकार-भागाकार मिळून सतरा होतात. चिन्ह चुकण्याच्या जागाही तेवढ्याच पटीने वाढतात.

तरीही आपल्या उदाहरणात क्रेमर अजिबात वाईट नाही. उजव्या स्तंभात १२, ०, ० आहे. ज्या चलाचा निश्चयक काढायचा त्याच्या स्तंभाच्या जागी हा स्तंभ ठेवला की त्यात दोन शून्यं येतात आणि विस्तारात एकच २ बाय २ चा तुकडा उरतो. मुख्य निश्चयक पहिल्या ओळीने उलगडू:

```
D  = 3(7.5 - 1) + 1(-2.5 - 1) - 1(1 + 3) = 19.5 - 3.5 - 4 = 12
D1 = 12 × 6.5,  D2 = 12 × 3.5,  D3 = 12 × 4
V1 = 6.5,  V2 = 3.5,  V3 = 4
```

मधल्या पदाकडे लक्ष द्या. विस्ताराचं चिन्ह ऋण, पहिल्या ओळीतला आकडाही -1, म्हणून बाहेर +1 आला आणि कंसात -3.5. नोडच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाबाहेर सगळे ऋण आकडे असल्यामुळे ही दुहेरी ऋण चिन्हं प्रत्येक पायरीला भेटतात, आणि क्रेमरच्या चुका बहुतेक इथल्याच. दुसरी चूक म्हणजे सोर्सचा स्तंभ ओळीच्या जागी ठेवणं. सममित मॅट्रिक्समध्ये त्याने उत्तर बदलत नाही, त्यामुळे चूक कळतही नाही आणि सवय लागते; मॅट्रिक्स सममित नसली की मात्र उत्तर चुकतं.

निश्चयकाचा ताळा लोप पद्धतीतून फुकट मिळतो: न गुणता केलेल्या लोपात कर्णावर येणारे आकडे ३, ८/३ आणि १.५. त्यांचा गुणाकार १२. हाच D. दोन पद्धती एकमेकींना तपासतात त्या इथे, उत्तरात नाही.

निश्चयकाची खरी कमाई मात्र अक्षरांमध्ये आहे. समजा ब्रिजचे सगळे रेझिस्टर अज्ञात आहेत. नोड १ ते २ चा कंडक्टन्स a, १ ते ३ चा b, नोड २ खालचा c, नोड ३ खालचा d आणि मधला m. आपल्याला हवं आहे ब्रिजचं आउटपुट, V3 वजा V2. क्रेमरने दोन्हींचे अंश लिहू (दोन्हींना १२ समाईक, तो बाजूला ठेवू):

```
V3 चा अंश: am + ab + bc + bm
V2 चा अंश: ab + ad + am + bm
वजाबाकी:   bc - ad
```

ab गेलं, am गेलं, bm गेलं. उरलं फक्त bc - ad. आपल्या आकड्यांत 1×1 - 1×0.5 = 0.5, गुणिले १२ भागिले D, जो इथे योगायोगाने १२ च आहे, म्हणून ०.५ व्होल्ट. ३.५ आणि ४ यांच्यातला फरक तोच. पण मोठी गोष्ट अशी की bc - ad मध्ये मधला m नाही, सप्लायचा सिरीज रोधही नाही. म्हणजे ब्रिजचा समतोल मीटर किती रोधाचा आहे यावर किंवा सप्लाय किती बळकट आहे यावर अवलंबून नाही. m फक्त D मध्ये, म्हणजे छेदात, बसतो, आणि सिरीज रोध D मध्ये आणि बाजूला ठेवलेल्या १२ मिलिअँपिअरमध्ये; दोन्ही फक्त संवेदनशीलता कमी-जास्त करतात. लोप पद्धतीने आकड्यांत सोडवत बसलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं. वजनकाट्याच्या लोड सेलवर काम करताना मला या एका ओळीचा जितका उपयोग झाला तितका पूर्ण सोडवलेल्या कुठल्याही उदाहरणाचा झाला नाही. तिथे आउटपुट काही मिलिव्होल्टचं असतं, आणि मोठ्या दोन व्होल्टेजांमधून ते वजा करून काढायला गेलात तर गोळाबेरजेतच हरवतं. वजाबाकी अक्षरांमध्ये आधी करून घ्यायची, आकडे शेवटी घालायचे.

मर्यादाही सांगून ठेवतो. वरची सगळी पद्धत प्रत्येक व्होल्टेज सोर्सच्या सिरीजमध्ये रोध आहे असं धरून चालते. १२ व्होल्ट थेट नोड १ लाच जोडला असता तर V1 अज्ञात राहिलाच नसता, दोनच समीकरणं उरली असती. नोड १ वर उभं राहून समीकरण लिहायला गेलात तर सोर्समधला करंट किती हे माहीत नसतं, आणि तिथे अनेकजण तो शून्य धरून मोकळे होतात. सोर्स दोन अज्ञात नोडांच्या मध्ये असेल तर ते दोन नोड मिळून एक सुपरनोड करायचा आणि त्या दोघांच्या व्होल्टेजमधला फरक हे तिसरं समीकरण म्हणून लिहायचं. दुसरं, अवलंबित सोर्स आला की मॅट्रिक्सची सममिती मोडते आणि ते बरोबरच असतं. तिथे सममितीची कसोटी लावून बरोबर मॅट्रिक्स "दुरुस्त" करू नका.

आणि D शून्य आला तर? रेझिस्टरच्या सर्किटमध्ये याचा अर्थ बहुधा एकच: काही नोडांना ग्राउंडकडे वाटच नाही. आपल्या सर्किटमध्ये खालचे दोन्ही रेझिस्टर काढले आणि सप्लायच्या जागी आदर्श करंट सोर्स ठेवला तर प्रत्येक ओळीची बेरीज शून्य होते, आणि निश्चयकही. तिन्ही नोड एकत्र वर-खाली तरंगू शकतात, त्यांना धरून ठेवणारं काही नाही. हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. एका आयसोलेटेड कार्डच्या ड्रॉइंगमध्ये दुसऱ्या बाजूच्या ग्राउंडला वेगळं नाव दिलं आणि सिम्युलेशनसाठी त्या दोन ग्राउंडांमध्ये काहीच जोडलं नाही. सिम्युलेटर `singular matrix` म्हणून थांबला. मी अर्धा दिवस ऑप्टोकप्लरच्या मॉडेलमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी दोन ग्राउंडांमध्ये एक मोठ्या किमतीचा रेझिस्टर टाकला आणि चाललं.

असे सिम्युलेटर आणि संगणकावरच्या नेहमीच्या लायब्रऱ्या आतून बहुतेक लोप पद्धतच वापरतात, निश्चयक नाही. घरी ताळा करायचा असेल तर पायथनच्या चार ओळी पुरतात:

```python
import numpy as np
G = np.array([[3, -1, -1], [-1, 3, -1], [-1, -1, 2.5]])
I = np.array([12, 0, 0])
print(np.linalg.solve(G, I))
```

६.५, ३.५, ४ दिसायला हवेत. अर्थात हा ताळा तुमच्या आकडेमोडीचा आहे, मॅट्रिक्सचा नाही. चुकीची G टाइप केलीत तर तो चुकीचंच उत्तर अगदी बिनचूक देईल.

मॅट्रिक्सचा ताळा करायचा तर ब्रेडबोर्ड घ्या. १ किलोओहमचे सात रेझिस्टर लागतील, कारण २ किलोओहमच्या जागी दोन सिरीजमध्ये लावता येतात. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आधी मल्टिमीटरने मोजा, कारण साधे अ‍ॅडॅप्टर लोड कमी असला की लेबलपेक्षा बरेच जास्त व्होल्ट देतात. जितके भरतील तितक्याने सगळी उत्तरं त्याच प्रमाणात बदला: १३.२ भरले तर सगळं १.१ पट. मग काळी प्रोब ग्राउंडला ठेवून तिन्ही नोड मोजा, आणि शेवटी लाल प्रोब नोड ३ ला आणि काळी नोड २ ला लावून मधलं व्होल्टेज थेट मोजा. पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर असतील तर पहिले तीन आकडे अपेक्षेच्या जवळपास येतील, पण ०.५ च्या जागी ०.४४ किंवा ०.५५ दिसलं तर दचकू नका. तिथे bc आणि ad यांची वजाबाकी चालली आहे, आणि प्रत्येक रेझिस्टरची थोडीथोडी चूक तिथे येऊन साठते.